कडीची खूण

वडगावातल्या त्या घराचा स्लॅब पडला तेव्हा आण्णाप्पांनी गवंड्याला बजावून दोन खोल्यांत दोन लोखंडी कड्या सोडायला लावल्या होत्या. "दोन पोरं, दोन पाळणं," असं म्हणून ते हसले होते. नंतर माग विकले गेले, आण्णाप्पा गेले, मागांच्या जागी जिप्सम बोर्डांच्या थप्प्या आल्या. कड्या तेवढ्या जागच्या जागी राहिल्या. एक थोरल्या अमृतच्या खोलीत, एक धाकट्या साईराजच्या.

या घराची एक रीत होती. ती शेजारच्या विणकरांतही कुणाला ठाऊक नव्हती, आण्णाप्पांच्या आईनंच कधीतरी सुरू केलेली. नवी सून घरात आली की तिनं आपल्या खोलीतल्या कडीत पिवळ्या सुताचा धागा ओवायचा. थोरली सून रूपाली आली तेव्हा तिनंही ओवला होता. तेव्हा स्लॅब खालून उघडाच होता. कडी दिव्यासारखी समोर लोंबत होती, स्टुलावर चढून हात वर केला की मिळत होती. धागा ओवला गेला, बायकांनी उखाणे घेतले, पेढे वाटले गेले. पाळणा मात्र त्या कडीला कधी लागला नाही. अकरा वर्षं झाली. धागा काळा पडला, मग केव्हातरी आपोआप गळून गेला.

आता साईराजचं लग्न ठरलं होतं. मुलगी सदलग्याची, करिष्मा. शिकलेली, गोरी, सासूला पहिल्याच भेटीत पसंत पडलेली. तिच्यासाठी वरच्या मजल्यावर नवं बाथरूम काढलं. जुना स्लॅब, त्यात पाइप बुडवायला जागा नव्हती, म्हणून वरच्या मोरीचे सगळे पाइप स्लॅबच्या खालून फिरले, आणि फिरले ते नेमके रूपालीच्या खोलीतून. ते झाकायचे तर खाली जिप्समचं सिलिंग पाहिजे. आणि एका खोलीत सिलिंग करायचं तर नवरीची खोली बोडकी कशी ठेवायची? तिथं एसीचा पाइप आणि वायरिंगही झाकायचं होतं. निपाणीपासून कोगनोळीपर्यंत लोकांच्या हॉटेलांना सिलिंग करणाऱ्या अमृतनं मग आपल्याच घराचं काम काढलं. हाताखाली सदलग्याचा भरमा, त्याचा जुना फिटर. आणि रूपाली. ती लग्नानंतर कंटाळ्यानं साइटवर जायला लागली होती, आता मापं टाकणं, खुणा काढणं, बोर्डाच्या जोडांवर कागदी टेप बसवून वर मसाला ओढणं ही कामं तिचीच होती. तिनं ओढलेला जोड रंग मारल्यावर शोधून सापडत नसे.

काम सुरू झालं त्या सकाळी सासू मालुबाई पाट घेऊन रूपालीच्या खोलीच्या दारात बसल्या. भिंतीवर चारी बाजूंनी लेव्हलची रेघ मारून पट्टी ठोकून झाली होती. अमृत शिडीवर होता.

"आई, वरच्या मोरीच्या वाकणात केस-बिस अडकलं तर ते उघडायला हात घालावा लागतोय," तो म्हणाला. "नळाचा वॉल्व्हबी तितंच हाय. झाकण ठेवायला पायजे. पाइप भिंतीकडनं येतोय, म्हणजे झाकण येणार पलंगाच्या बरोबर वर."

"मग येऊ दे की," मालुबाई म्हणाल्या.

"पलंग सरकवता येईल, आत्याबाई," रूपाली म्हणाली. "त्या कोपऱ्यात."

"त्या कोपऱ्यात करिष्माचं कपाट यायचं हाय. तिचं माहेरचं. तिच्या खोलीत मावंना." मालुबाईंनी पान जमवलं. "आणि तुझ्या पलंगावर झाकण आलं तर काय तुझं बाळ उठणार हाय व्हय गं?"

भरमा खाली मान घालून फास्नर आणायला बाहेर गेला. अमृतनं ड्रिल चालू केलं.

ड्रिल थांबलं तेव्हा त्याला विचारावंच लागलं. "आणि ही कडी? खाली बोर्ड लागला की दिसायची न्हाय. बारकं झाकण करू?"

"कशाला?"

"न्हाय, म्हटलं..."

"साईराजच्या खोलीत कर. तिथल्या कडीला रेडिमेड झाकण आण, पांढरं, चांगलं. हितं कशाला खर्च? बुजवून टाक." मग पान तोंडात टाकत त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "कडी झाका आणि मोरी उघडी ठेवा. ज्याचं जे काम."

रूपालीच्या हातात टेपमापाचं टोक होतं. ते सुटलं आणि पट्टी खळकन डबीत शिरली. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो स्लॅबकडे बघत होता.

दुपारी मालुबाई देवळात गेल्यावर तिनं त्याला गाठलं. "ऐकताय का? हातभर झाकण. मी माझ्या हातानं कापते. कुणाला कळायचंबी न्हाय."

"एका खोलीत दोन झाकणं? गिऱ्हाईक घर बघायला आलं तर काय म्हणंल, छपराला काय देवी आल्यात काय?"

"गिऱ्हाईक आपल्या पलंगावर येतंय व्हय?"

"रूपाली, उगंच वाढवू नको." तो शिडीवर एक पायरी चढला, जणू वर गेलं की तिचं ऐकू येणार नव्हतं. "आई म्हातारी हाय. बोलती. बोलू दे."

"आणि तुमी?"

"मी काय बोललो तुला कवा?"

हेच खरं होतं. तो कधी काही बोलला नव्हता. कुणालाच.

सिलिंगचं काम बघणाऱ्याला वाटतं तितकं अवघड नसतं, पण त्यात लबाडी चालत नाही. स्लॅबमध्ये दर चार फुटांवर फास्नर ठोकून त्याला अँगल लोंबवायचा. त्या अँगलांना चार-चार फुटांवर मोठे चॅनेल बांधायचे. त्यांच्या खाली आडवे, दीड-दीड फुटावर, पत्र्याचे सेक्शन क्लिपनं अडकवायचे. मागावरच्या ताण्या-बाण्यासारखंच. अंतर वाढवून अँगल वाचवला तर वर्षा-दोन वर्षांत सिलिंग पोटुशी बाईसारखं खाली येतं. हे वाक्य अमृत गिऱ्हाइकांना नेहमी ऐकवायचा आणि रूपाली तेवढ्यापुरती दुसरीकडे बघायची.

त्या दिवशी मधल्या ओळीतला एक अँगल बसेना. जिथं तो यायला पाहिजे तिथं मोरीचं वाकण आडवं आलं होतं. अँगल अलीकडे घेतला तर पुढचं अंतर साडेपाच फूट होत होतं. भरमा म्हणाला, "अण्णा, पलीकडं एक जादा भोक मारतो."

अमृतनं वर बघितलं. वाकणाच्या पलीकडे, वीतभर अंतरावर कडी होती. ओळीत, सुताला सूत.

"भोक कशाला? ही हाय की." त्यानं अँगलचं टोक कडीत घातलं, वॉशर लावून बोल्ट आवळला, आणि अँगलला लोंबकळून बघितलं. तो हललाही नाही. "चार फुटाच्या आत आलं. बापानं कडी लई मजबूत टाकली हुती. बघ रूपाली, शेवटी कामाला आली का न्हाय?"

तो हसला. त्याला त्यात खरोखरच वाईट काही वाटलं नव्हतं. भरमाही हसला, पण मालक हसला म्हणून. रूपाली खाली उभी होती आणि तिच्या तोंडावर बोल्टच्या घासण्यानं गंजाचा चुरा पडत होता. तिनं तो पुसला नाही.

मग बोर्ड चढले. वीत-वीत अंतरावर स्क्रू बसले. जोडांवर टेप लागली, आणि कडीच्या खालचा जोड तिनं स्वतः ओढला, इतका सफाईदार की तिलाही दुसऱ्या दिवशी जागा सांगता येईना. राहिलं ते पलंगावरचं झाकण, दोन फूट बाय दोन फूट, खटक्याचं.

साईराजची खोली नंतर घेतली. त्या दिवसांत भरमा दुसऱ्या साइटवर होता. तिथं अमृत फार जपून वागला. सेक्शन असे टाकले की कडी दोन सेक्शनच्या मधोमध आली, पत्रा कापायची पाळी येऊ नये. रेडिमेड झाकण दुकानात शिल्लक नव्हतं, चार दिवसांनी येणार होतं, आणि कोगनोळीच्या हॉटेलवाल्याचे फोनवर फोन येत होते.

"आधी बोर्ड मारून घेऊ," तो म्हणाला. "रूपाली, कडीचा ओळंबा खाली सोड आणि फरशीवर खूण काढ. झाकण आलं की भरमा खूण वर घेईल आणि कापंल. लाइटीच्या भोकांचं करतोय तसंच. नीट काढ हं. आईचा जीव त्या कडीत हाय."

"काढते की," रूपाली म्हणाली.

ती शिडीवर चढली. कडीत दोरी अडकवली, ओळंबा सोडला. पितळी लट्टू फरशीच्या वर डोलत राहिला, मग थांबला. ती खाली उतरली आणि पेन्सिलीनं शहाबादीवर बारीक फुली मारली. भोवती गोल काढला. अगदी बरोबर.

बाहेर मालुबाई शेजारच्या जयाबाईंना चादरी दाखवत होत्या. "ही करिष्माच्या पलंगाची. आणि ही जुनी, हितं थोरलीला. तिला काय, चालतंय काहीबी." जयाबाई काहीतरी हळू बोलल्या. मालुबाई मोठ्यानं म्हणाल्या, "अगं मोरीचं पाणी डोक्यावरनं वाहिलं तरी जमीन भिजंना, त्याला कोण काय करणार?" दोघी हसल्या.

रूपाली उकिडवी बसून होती. तिनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि फुली पुसली. मग टेपमाप काढून दीड फूट मोजलं, दोन सेक्शनांमधला एक गाळा भिंतीकडे, आणि तिथं नवी फुली मारली. भोवती गोल काढला. कमी सरकवली असती तर झाकण सेक्शनवर आलं असतं आणि भरमाला शंका आली असती. जास्त सरकवली असती तर दिव्यांत घोटाळा झाला असता. दीड फुटावर सगळं नीट बसत होतं. वाईट काम करतानाही तिचा हात वाकडा चालला नाही.

तिला काय पाहिजे होतं? विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की म्हातारीची फजिती, दुसरं काही नाही. चार बायकांत झाकण उघडावं, आत नुसता पत्रा निघावा, आणि मालुबाईंचं तोंड बघण्यासारखं व्हावं. मुलीचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. मुलगी अजून सदलग्यालाच होती.

चार दिवसांनी झाकण आलं. अमृत कोगनोळीला होता. भरमानं विचारलं, "वैनी, हे कशाचं?"

"वायरिंगचा जोड हाय वर. खूण हाय बघ खाली."

भरमानं ओळंबा धरून खूण वर घेतली, करवत चालवली, चौकट बसवली. वर बघून म्हणाला, "जोड कुठं दिसंना."

"आत असंल. चौकट घट्ट कर, जा."

फिटरनं असल्या भोकांकडे फार बघायचं नसतं. लोकांच्या सिलिंगच्या वर काय काय असतं! त्यानं चौकट घट्ट केली. रंगारी आले, रंग झाला. वरातीच्या सकाळी रूपालीनं ती फरशी फिनेलनं धुतली आणि त्यावर कमळाची मोठी रांगोळी काढली. जयाबाई म्हणाल्या, "हात लई छान गं तुझा." रूपालीनं मान डोलावली.

करिष्मा आली. माप ओलांडलं, कुंकवाची पावलं उमटली. मग बायका तिला घेऊन खोलीत आल्या. रांगोळी पायाखाली गेली, मधोमध लाकडी टेबल ठेवलं. मालुबाईंनी स्वतः पिवळा धागा तिच्या हातात दिला.

"चढ गं बाळ. झाकण ढकल, आत हात घाल, आणि कडीत सूत ओव. मग उतरून नाव घ्यायचं."

साईराजनं झाकणाचा खटका दाबून दिला आणि बाहेर पळाला. बायकांत पुरुषाचं काम नव्हतं. करिष्मा टेबलावर चढली. पायात पैंजण, अंगावर जड साडी. तिनं हात वर घातला, कोपरापर्यंत आत गेला.

"लागली?"

"न्हाय अजून."

"चाचप की गं. कडी म्हणजे काय सुई हाय व्हय?"

"लवकर सापडव," एक चुलत नणंद म्हणाली, "न्हायतर पोरगंबी उशीरच करंल." खोली हसली.

"डावीकडं बघ," दुसरी म्हणाली. "डावीकडं पोरगी, उजवीकडं पोरगा."

"पहिल्यांदा उजवीकडं!"

करिष्माही हसत होती. तिची बोटं वर स्लॅबवर फिरत होती. सिमेंटचा खरखरीतपणा, एक वायर, पत्र्याची थंड कड. तिनं दुसरा हात घातला. बांगड्या चौकटीला लागून वाजल्या. हसणं हळूहळू कमी झालं. कुणीतरी "थांबा गं, गप्प बसा" म्हणालं आणि त्या गप्प बसण्यानंच सगळं बिघडलं. खोलीत फक्त वर बांगड्या घासल्याचा आवाज राहिला.

"आत्याबाई," करिष्मा खाली न बघता म्हणाली, "हितं काय न्हाय."

मालुबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. पण रूपालीनं कल्पिलं होतं तसं नाही. त्यात फजिती नव्हती. त्या टेबलावरच्या मुलीकडे बघत होत्या, आणि त्यांचे डोळे लहान होत चालले होते. ही नजर रूपालीच्या चांगल्या ओळखीची होती. ती एवढी वर्षं तिच्यावर होती. आता ती तिच्यावरून उचलली जाऊन दुसरीकडे टेकत होती, आणि रूपालीला अंगावरची ओली गोधडी काढल्यासारखं हलकं वाटलं.

अमृतला बोलावलं. करिष्मा उतरली, तो टेबलावर चढला, मोबाइलचा उजेड आत मारला.

"हाय की!" तो ओरडला. "अगं हाय, हितं दीड फुटावर हाय. झाकण चुकीच्या गाळ्यात बसलंय. कडी जागच्या जागी हाय, आई. नुसती खूण चुकली."

बायकांनी सुस्कारा सोडला. करिष्मा हसायला बघत होती. जयाबाई म्हणाल्या, "बघा, उगंच घाबरलो."

मालुबाई म्हणाल्या, "कडी हाय ते मला म्हाईत हाय. माझ्या नवऱ्यानं टाकलीया." त्यांनी करिष्माकडे बोट केलं. "कडी हाय गं. पर हिच्या हाताला लागली न्हाय."

"आई, झाकणच तितं..." अमृत म्हणाला.

"झाकण कुणीबी कुठंबी लावंल. सगळ्या बायकांत हिनं हात घातला आणि हात रिकामा आला. ह्ये तुझ्या टेपनं मोजायचं न्हवं."

करिष्माच्या हातातला धागा घामानं बोटांना चिकटला होता.

अमृतला राग काढायला जागा पाहिजे होती. आईवर काढता येत नव्हता. "भरमा! ए भरमा!" भरमा मांडवातून जेवणाचं ताट टाकून आला. "कुठं कापलंस रं झाकण? डोळं कुठं हुतं?"

"अण्णा, खूण हुती तितंच कापलं. वैनीनी काढलेली खूण."

सगळ्या माना रूपालीकडे वळल्या. तिच्या पायाशी कमळ होतं, बायकांच्या पावलांनी फिसकटलेलं, आणि त्याच्या खाली फिनेलनं धुतलेली फरशी.

"मी ओळंबा सोडून काढली हुती," ती म्हणाली. आवाज शांत होता. "तू वर घेताना सरकली असंल. मी तुला म्हटलंबी, चौकट घट्ट कर, घाई करू नको."

"वैनी, तुमी तर म्हणालात वायरिंगचा जोड..."

अमृतनं त्याच्या कानाखाली मारली. सदलग्याची माणसं दारात उभी होती, भरमाच्याच गावची, नवरीच्या माहेरची. भरमानं गालाला हात लावला नाही. तो रूपालीकडे बघत राहिला, आणि तिला दिसलं की त्याला सगळं कळलं आहे. मग त्यानं मान खाली घातली आणि गेला. उद्या त्यानं तोंड उघडलं तरी ऐकणार कोण? मार खाल्लेल्या फिटरचं?

"आजच्या आज दुसरं भोक पाडतो," अमृत म्हणाला. "सेक्शनला हात लागत न्हाय, बरोबर गाळ्यात..."

"न्हाय," मालुबाई म्हणाल्या. "राहू दे तसंच."

"अगं..."

"वरीसभर बघू. मग भोक पाडायचं, का आणि काय करायचं, ते ठरवू."

'आणि काय' या दोन शब्दांवर करिष्माची आई दारातून आत आली आणि लेकीला हात धरून बाजूला घेतलं. नाव घ्यायचं राहूनच गेलं. पेढ्यांचं ताट हातात घेऊन मालुबाई उभ्या होत्या. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि ते ताट रूपालीच्या हातात दिलं. "तू वाट गं." शुभकार्यात ताट तिच्या हातात देण्याची ही पहिली वेळ होती. रूपालीनं पेढे वाटले. करिष्मापुढे आली तेव्हा तिनं एक पेढा उचलून तिच्या तळहातावर ठेवला. मुलीनं मूठ मिटली आणि पेढा तसाच राहिला.

त्यानंतर घरातलं वारं बदललं. चहाचा कप न धुता राहिला तर तो करिष्माचा. मीठ जास्त झालं तर ते करिष्माचं. "हाताला न लागणारी" असं मालुबाई तिचं नाव न घेता म्हणायच्या, आणि शेजारीही म्हणायला लागले. रूपालीला आता आत्याबाई देवळात बरोबर न्यायच्या. ती जायची. तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याची लाज काही दिवस वाटली, मग तीही वाटेनाशी झाली.

एका सकाळी वरची मोरी तुंबली. रूपालीच्या पलंगावर थेंब पडायला लागले. अमृत साइटवर होता. रूपालीनं गादी गुंडाळली, पलंगावर स्टूल ठेवलं आणि झाकणाचा खटका दाबला. झाकण लोंबलं. करिष्मा बादली घेऊन धावत आली.

"आक्का, माझंच केस असतील. लई गळत्यात आता."

"धर बादली."

रूपालीनं वाकणाचं बूच फिरवलं. काळं पाणी बादलीत पडलं, त्यामागून केसांचा लांब गुंता. करिष्मा मान वर करून बघत होती. झाकणातून वरचं सगळं दिसत होतं. चॅनेल, अँगल, पाइप. पाइपाच्या पलीकडे, अँगलच्या टोकाला बोल्टनं आवळलेली कडी.

"आक्का, ही तुमची?"

"व्हय."

"तिला सिलिंग टांगलंय?"

"दिसतंय की."

बादलीत पाणी टपटपत होतं. मग करिष्मा अगदी हळू म्हणाली, "तुमच्या हाताला लागलती, आक्का?"

रूपालीचे हात पाइपावर थांबले. खाली ते तोंड होतं, महिन्याभरात निम्मं झालेलं, डोळ्यांखाली काळं. एका वाक्याचं काम होतं. तवा सिलिंग न्हवतं गं पोरी. कडी डोळ्यांसमोर हुती. आणि तुझी खूण मी पुसली. वाक्य जिभेवर आलंही होतं. आत्याबाईंना सांगून काय झालं असतं? चार दिवस शिव्या. जास्तीत जास्त माहेर. पण ही सुटली असती. रूपालीनं ओठ उघडले.

"लागलती," ती म्हणाली. "पर त्याचं काय हाय..."

"मग बरं!" करिष्माचा चेहरा एकदम उजळला. कितीतरी दिवसांनी ती हसली, लहान मुलीसारखी. "म्हणजे त्यात काय खरं न्हाय. तुमच्या हाताला लागून तरी कुठं काय झालं? तुमचं बघून मला आता भ्याव न्हाय वाटत."

ती मनापासून बोलली होती. तिच्या मनात काही काळं नव्हतं. तिला फक्त आधार पाहिजे होता आणि तो जिथं मिळाला तिथून तिनं घेतला.

रूपालीनं बूच पुन्हा बसवलं. सावकाश, आटे जुळवून, पिळा आवळून. हात कापडाला पुसले. स्टुलावरून खाली त्या उजळलेल्या तोंडाकडे बघितलं.

"माझ्या हाताला लागली," ती म्हणाली, "म्हणून वांझ निघाल्यावरबी मला ह्या घरात एवढी वर्सं ठेवून घेतलं. न लागलेलीला किती दिवस ठेवत्यात, ते तू मोजायला लाग."

करिष्माच्या हातातली बादली कलली. पाणी तिच्या साडीवर सांडलं. तिला ते कळलंही नाही.

"आणि ती बादली बाहेर ओत," रूपाली म्हणाली. "मोरीत न्हाय. परत तुंबंल."

तिनं झाकण वर दाबलं. खटका बसला.